फूटपट्टीवरचा एक मिलिमीटर

शाळेतल्या फूटपट्टीवरचे सर्वांत लहान घर एक मिलिमीटरचे असते. हेच तिचे लघुतम माप. वस्तूचे टोक दोन रेघांच्या मध्ये आले, की विद्यार्थी जवळची रेघ धरतो आणि वाचनात अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक राहतो. लांबी मोजताना वाचन दोन्ही टोकांशी होते, त्यामुळे एकूण त्रुटी फार तर एक मिलिमीटर, म्हणजे ०.१ सेंटिमीटर धरतात. ही झाली निरपेक्ष त्रुटी.

मोजणी किती विश्वासार्ह आहे, हे मात्र या आकड्यावरून कळत नाही. वहीची लांबी २५.० सेंटिमीटर भरली, तर ०.१ ला २५ ने भागून ०.००४ मिळतात. ही सापेक्ष त्रुटी. अंश आणि छेद दोन्ही लांबीच असल्यामुळे तिला एकक नसते. तिला १०० ने गुणले की शेकडा त्रुटी मिळते : ०.४ टक्के. त्याच पट्टीने २.५ सेंटिमीटर लांबीचा खोडरबर मोजला, तर शेकडा त्रुटी ४ टक्के होते. पट्टी तीच, चूकही एक मिलिमीटरचीच. पण लांबी दहापट कमी असल्याने शेकडा त्रुटी दहापट वाढली.

कागदाच्या जाडीपाशी तर फूटपट्टी हात टेकते, कारण एक कागद जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि त्रुटी त्याच्या दहापट. यावरची युक्ती सुंदर आहे. पाचशे कागदांचा रीम घट्ट दाबून मोजावा. तो ५.० सेंटिमीटर भरला, तर त्रुटी २ टक्के. आता ५.० ला ५०० ने भागले की एका कागदाची जाडी ०.१० मिलिमीटर येते. कागदांची संख्या मोजून घेतलेली, म्हणून तिच्यात त्रुटी नाही. भागाकारानंतरही शेकडा त्रुटी २ टक्केच राहते. एक मिलिमीटरच्या पट्टीने ०.००२ मिलिमीटरपर्यंतचा अंदाज बांधता येतो.

एक दोष मात्र या हिशेबात दिसतच नाही. वापरून वापरून पट्टीचे शून्याकडचे टोक २ मिलिमीटर झिजले असेल, तर त्या टोकाला लावलेला खोडरबर २.७ सेंटिमीटर भरतो. दहा वेळा मोजला तरी तेवढाच भरतो, त्यामुळे सरासरी काढूनही चूक जात नाही. विद्यार्थी वहीत सुमारे ४ टक्के त्रुटी लिहितो, प्रत्यक्षात खऱ्या लांबीपासूनचा फरक ८ टक्के असतो. शंका आल्यास तीच वस्तू ५ सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजून पाहावी आणि वाचनातून ५ वजा करावेत. उत्तर वेगळे आले, तर ते टोक सोडून द्यावे आणि मोजणी नेहमी आतल्या एखाद्या ठळक रेघेपासूनच सुरू करावी.