थांबलेल्या तपासाचं पत्र

चोरी झाली, फिर्याद दिली, पंचनामा झाला. पहिले आठ-दहा दिवस पोलीस येत-जात राहिले आणि मग सगळं शांत झालं. ठाण्यात विचारलं की "तपास सुरू आहे" एवढंच उत्तर मिळतं. तीन महिने हे ऐकल्यावर दुकानदार वैतागून पोलीस अधीक्षकांना पत्र लिहायला बसतो. त्यात तो आपलं किती नुकसान झालं, कर्जाचे हप्ते कसे थकले, ठाण्यात कशी वागणूक मिळाली, हे सगळं लिहितो. यातलं एकही वाक्य खोटं नसतं. पण असं पत्र बहुतेक वेळा "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा मारून त्याच ठाण्यात परत जातं. अधीक्षकांनी नेमकं काय विचारायचं, हे त्या पत्रातून त्यांना कळलेलंच नसतं.

तपासाचा रोजचा हिशेब ज्या नोंदवहीत असतो, तिला केस डायरी म्हणतात. ती फिर्यादीला पाहायला मिळत नाही. वरिष्ठ अधिकारी मात्र ती केव्हाही मागवू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३० नुसार ठाणेदाराचे सगळे अधिकार त्याच्यावरच्या अधिकाऱ्यालाही असतात. म्हणून पत्र असं हवं की ते वाचताच अधीक्षकांनी केस डायरी मागवावी आणि राहिलेल्या कामांवर बोट ठेवावं.

उदाहरणासाठी एक कल्पित दुकान घेऊ. तालुक्याच्या गावी मोबाइलचं दुकान आहे. ११ ऑगस्टच्या रात्री शटर उचकटून ३१ नवे फोन आणि गल्ल्यातले १८ हजार रुपये गेले. बंद दुकानातली रात्रीची घरफोडी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ आणि ३०५ खाली येते. हा गुन्हा साध्या चोरीहून गंभीर आहे. त्यामुळे "किरकोळ प्रकरण आहे" असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नये.

या चोरीत दोन धागे आहेत आणि दोघांचा काळाशी संबंध उलटा आहे. पहिला धागा म्हणजे रस्त्यावरचे कॅमेरे. बहुतेक दुकानांच्या डीव्हीआरमध्ये जागा भरली की नवं चित्रण जुन्यावर चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिनाभरात ते पुसलं जातं. समोरच्या मेडिकलचं किंवा चौकातल्या पेट्रोल पंपाचं चित्रण ऑगस्टमध्ये ताब्यात घेतलं नसेल, तर नोव्हेंबरमध्ये ते मागून उपयोग नाही.

दुसरा धागा मात्र उशिराच हाती लागतो. प्रत्येक फोनला पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असतो आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. फोनमध्ये सिम घालून तो चालू केला की तो क्रमांक दूरसंचार कंपनीच्या नोंदीत येतो आणि पोलीस ती नोंद मागवू शकतात. पण चोरलेला नवा फोन खोक्यातच पडून राहतो. दोन-तीन हात बदलून, कधी दुसऱ्या राज्यात जाऊन तो विकला जातो. म्हणून ऑगस्टमध्ये मागवलेली माहिती कोरी आली, याचा अर्थ धागा तुटला असा होत नाही. तीच माहिती काही आठवड्यांनी पुन्हा मागवावी लागते. तपास अडतो तो नेमका इथे. पहिला कोरा अहवाल फाइलला लागतो, तपासी अंमलदाराची बदली होते आणि नव्याला पुन्हा विचारायचं सुचत नाही. पत्राचा सगळा जोर याच जागी असावा.

हे पत्र साधारण असं लिहिता येईल:

"मा. पोलीस अधीक्षक यांस,

विषय: गु.र.नं. … या दुकान घरफोडीच्या तपासाबाबत.

महोदय,

दि. ११ ऑगस्टच्या रात्री माझ्या दुकानातून ३१ मोबाइल व रोख १८,००० रुपये चोरीस गेले. दि. १२ ऑगस्ट रोजी मी फिर्याद दिली. दि. १६ ऑगस्ट रोजी पुरवणी जबाबासोबत सर्व मोबाइलचे आयएमईआय क्रमांक व खरेदीची बिले दिली. सप्टेंबरमध्ये तपासी अंमलदारांची बदली झाली. त्यानंतर तपास कोणाकडे आहे हे मला कळवण्यात आलेले नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) नुसार तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणे आवश्यक आहे. ही मुदत दि. १० नोव्हेंबर रोजी संपली आहे.

माझ्या माहितीप्रमाणे आयएमईआय क्रमांकांची माहिती ऑगस्टमध्ये एकदाच मागवण्यात आली. मोबाइल नवे असल्याने ते नंतर चालू झाले असण्याची शक्यता आहे. ही माहिती आजच्या तारखेपर्यंत पुन्हा मागवावी, शेजारील दुकानांचे चित्रण जप्त झाले आहे का ते पाहावे आणि सध्याच्या तपासी अंमलदारांचे नाव मला कळवावे, ही विनंती. आवश्यकता वाटल्यास तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे द्यावा. क्रमांकांची यादी व बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला विश्वासू"

पत्र एका पानात बसतं. त्यात कुणावर आरोप नाही. हप्ता घेतल्याचा किंवा चोराला पाठीशी घातल्याचा संशय असेल आणि त्याला काही आधारही असेल, तर त्याची तक्रार वेगळी करावी. या पत्रात तो आला की चर्चा तपासाची न राहता अंमलदाराच्या वागणुकीची होते आणि फोन बाजूला राहतात.

कलमांबाबत दोन गैरसमज नेहमी दिसतात. ९० दिवसांची ही मुदत प्रगती कळवण्याची आहे, तपास संपवण्याची नव्हे. "मुदत संपली तरी चोर पकडला नाही" असं लिहिलं की उत्तर देणाऱ्याचं काम सोपं होतं. दुसरा गैरसमज कलम १७३(४) चा. ठाण्यात गुन्हाच नोंदवून घेतला नाही, तर अधीक्षकांकडे जाण्याचं ते कलम आहे. इथे गुन्हा नोंदलेला आहे, तेव्हा ते लिहू नये.

शहरात आयुक्तालय असेल तर हेच पत्र त्या भागाच्या पोलीस उपायुक्तांना द्यावं आणि ग्रामीण भागात एक प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना द्यावी. स्वतः नेऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. हा शिक्का पुढे फार कामाला येतो. पत्रानंतरही काही हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली शपथपत्रासह अर्ज करता येतो. तपास नीट होत नसेल तर दंडाधिकारी त्यावर लक्ष ठेवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये साकिरी वसू खटल्यात सांगितलं आहे. आधी वरिष्ठांकडे गेलो होतो, हे दाखवायला हीच शिक्क्याची प्रत जोडायची.

एक शक्यता दुकानदाराने आधीच मनात धरावी. पत्रानंतर पोलीस केस डायरी चाळतील आणि चोर सापडत नाही असं ठरवून न्यायालयात 'अ' समरी पाठवतील. गुन्हा खरा आहे, पण उघडकीस येत नाही, असा तिचा अर्थ. हे ऐकून माणूस खचतो. पण दुकानाचा विमा असेल तर दाव्यासाठी कंपनी बहुधा हाच कागद मागते आणि तो न आल्याने दावे अडकून पडतात. समरी मान्य करण्याआधी न्यायालयाने फिर्यादीचं म्हणणं ऐकावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग खटल्यात ठरवलं आहे. म्हणून न्यायालयाची नोटीस आली की हजर राहावं. आयएमईआयची माहिती दुसऱ्यांदा मागवलीच नसेल, तर तिथे हरकत घ्यावी. ती मागवली असेल आणि काही मिळालं नसेल, तर हरकत नाही असं सांगून समरीची नक्कल घ्यावी आणि विमा कंपनीकडे द्यावी. पुढे एखादा फोन चालू झाल्याचं कळलं, तर समरी झालेल्या गुन्ह्याचाही पुढचा तपास करता येतो.

फोन सापडले तरी ते थेट दुकानात येत नाहीत. मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने बंधपत्रावर परत मिळतो. विम्याचे पैसे आधी घेतलेले असतील, तर तेही तिथे सांगावं लागतं. कोणता फोन आपला हे बिलावरच्या आयएमईआयवरून ठरतं. बिलावर नुसती मॉडेलची नावं असतील, तर घाऊक विक्रेत्याकडून क्रमांकांसह दाखला आणावा, आणि तोही पत्र देण्याआधीच.