वाय-फाय जोडलंय, पण पत्ता मिळत नाही

‘वाय-फाय चालत नाही’ एवढंच लिहिलं, तर कॉलेजच्या आयटी विभागाला शोध कुठून सुरू करायचा हे कळत नाही. त्याऐवजी असा ईमेल पाहा:

‘आज सकाळी 11.20 पासून ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर लॅपटॉप वाय-फायला जोडला जातो, पण इंटरनेट चालत नाही. `ipconfig` मध्ये पत्ता 169.254.18.7 दिसतो. वाय-फाय बंद-चालू केलं, `ipconfig /renew` दिलं, फरक नाही. हाच लॅपटॉप प्रयोगशाळेत नीट चालतो. इथे आधीपासून जोडलेले फोन चालू आहेत. नव्याने जोडलेल्या दोन फोनना मात्र हीच अडचण येते. लॅपटॉपचा मॅक पत्ता सोबत दिला आहे.’

169.254 ने सुरू होणारा पत्ता विंडोज स्वतःच घेतं, कारण पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेलं नसतं. लॅपटॉप प्रयोगशाळेत चालतो, म्हणजे बिघाड बहुधा त्यात नाही. जुनी उपकरणं चालू आणि नवी अडलेली, यावरून त्या मजल्यासाठी राखलेले पत्ते संपल्याचा संशय येतो. पण सर्व्हर बंद पडला तरी काही काळ हेच चित्र दिसतं, म्हणून ईमेलमध्ये निदान ठोकून न देता दिसलं तेवढंच लिहावं. वेळ आणि मॅक पत्त्यावरून तंत्रज्ञ सर्व्हरच्या नोंदीत नेमकी ती विनंती शोधतो. पासवर्ड मात्र कधीही लिहू नये.