दहा मिनिटांच्या प्रयोगासाठी चार तास

जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर आपल्या ६,८९,००३ वापरकर्त्यांसमोर येणाऱ्या मजकुरात फेरफार केला. काहींना मित्रांच्या आनंदी नोंदी कमी दाखवल्या, काहींना दुःखी नोंदी कमी दाखवल्या आणि त्यानंतर ही माणसं स्वतः काय लिहितात हे पाहिलं. फरक अगदी सूक्ष्म होता. आनंदी नोंदी कमी पाहणाऱ्यांच्या लिखाणात हजार शब्दांमागे आनंदाचा साधारण एखादाच शब्द घटला होता. जून २०१४ मध्ये हा अभ्यास अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला आणि जगभर संताप उसळला, पण तो त्या एका शब्दामुळे नव्हता. त्या लाखो माणसांपैकी एकालाही कुणी विचारलं नव्हतं. नोंदणी करताना सगळे न वाचताच मान्य करतात त्या अटींनाच संशोधकांनी संमती मानलं होतं. पुढच्याच महिन्यात नियतकालिकाच्या संपादकांना चिंता व्यक्त करणारं निवेदन छापावं लागलं.

मानसशास्त्राच्या पदवी वर्गात भावनांवरचा छोटा प्रयोग शिकवायचा तर सुरुवात इथून करावी. रोजच्या साध्या भावनांवरचा प्रयोग निरुपद्रवी वाटतो आणि त्यामुळेच संमतीचा कागद शेवटच्या क्षणी भरायची औपचारिकता होऊन बसतो. खरं तर प्रयोगाची रचना आणि संमती या दोन्ही गोष्टी एकत्रच ठरवाव्या लागतात. हे मुलांच्या हाताखालून जावं म्हणून चार तासांचा एक पाठ आखता येतो. त्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: दहा मिनिटं चाललं की मनाला बरं वाटतं का?

पहिला तास प्रश्नाला आकार देण्यात जातो. मुलांचा पहिला आराखडा बहुधा असा असतो: निम्म्या मुलांनी मित्रांबरोबर मैदानात फिरून यायचं, उरलेल्यांनी वर्गात मोबाइल बघत बसायचं. फिरून आलेली मुलं जास्त प्रसन्न दिसली, तरी ते चालण्यामुळे झालं, गप्पांमुळे, झाडांमुळे की मोबाइल हातात नसल्यामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. झाडांची शंका उगाच नाही. कॅनडातल्या एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थी बाहेर निसर्गात चालले, काही विद्यापीठाच्या भुयारी वाटांतून. दोन्ही गट चाललेच होते, पण बाहेर चाललेले जास्त खुशीत होते. म्हणून वर्गातल्या प्रयोगात एकच फरक ठेवायचा. दोन्ही गट इमारतीतच राहतील, दोघांचेही मोबाइल दप्तरात असतील आणि दोघंही गप्प राहतील. एक गट व्हरांड्यातून संथपणे चालेल, दुसरा वर्गात बसेल. पावसाळ्यात हीच आखणी सोयीची पडते, हा वेगळा फायदा.

मग मोजायचं कसं? "आनंदी आहात का?" असं विचारलं की आपल्याकडे "बरं चाललंय" हे उत्तर ठरलेलं. डेव्हिड वॉटसन, ली अ‍ॅना क्लार्क आणि ऑक टेलेगन यांनी १९८८ मध्ये वीस शब्दांची एक पट्टी तयार केली. तिच्यात दहा शब्द सुखद भावनांचे आणि दहा त्रासदायक भावनांचे आहेत. दोन्ही बाजू वेगळ्या मोजाव्या लागतात, कारण माणूस एकाच वेळी उत्साही आणि अस्वस्थ असू शकतो. वर्गासाठी याचंच छोटं रूप चालतं. उत्साह, प्रसन्नता, समाधान आणि तरतरी हे चार शब्द, "आत्ता या क्षणी" असं वर लिहून, प्रत्येकाला १ ते ७ गुण. बेरीज ४ ते २८ मध्ये येते. कंटाळा आणि बेचैनी खाली वेगळी विचारायची. हाच कागद दहा मिनिटांआधी एकदा आणि नंतर एकदा भरायचा.

दुसऱ्या तासाला खरा पेच समोर येतो. संमती मागताना सगळं सांगायला हवं. पण "चालल्याने मूड सुधारतो का ते आम्ही पाहतोय" असं सांगून टाकलं, तर चालून आलेली मुलं मैत्रीखातर दोन गुण वाढवून देतील. जेफ्री मिलर आणि झ्लाटन क्रिझान या अमेरिकन संशोधकांनी २०१६ च्या आपल्या अभ्यासांत याच अडचणीवर काम केलं. चालणं हा विषय आहे हे त्यांनी सहभागींना कळू दिलं नाही. एका प्रयोगात तर चालल्याने मनःस्थिती खालावेल अशी अपेक्षाही निर्माण केली. तरीही चालणाऱ्यांच्या सुखद भावना बसलेल्यांपेक्षा वरचढ ठरल्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नीतिसमितीच्या देखरेखीखाली असा आडपडदा ठेवता येतो. पदवीच्या मुलांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी सीमारेषा सोपी आहे: काय करावं लागेल हे पूर्ण सांगायचं, निकाल काय यावा असं आपल्याला वाटतं ते शेवटपर्यंत राखून ठेवायचं आणि खोटं काहीच सांगायचं नाही.

त्या रेषेवर उभं राहणारं संमतिपत्र एका पानात मावतं. "दहा मिनिटांच्या साध्या कृतीच्या आधी आणि नंतर आपल्याला कसं वाटतं, हे आम्ही पाहत आहोत. चिठ्ठी टाकून तुम्हाला एकतर व्हरांड्यात सपाटीवर दहा मिनिटं चालायला किंवा वर्गात शांत बसायला सांगू. नाव लिहायचं नाही. नको असेल तर कारण न देता नाही म्हणा. अधेमधे कधीही थांबा. आमचा अंदाज काय होता ते शेवटी सांगू." शेवटच्या वाक्याने राखून ठेवलेली गोष्टही उघड होते: काहीतरी मागाहून सांगितलं जाणार आहे हे सहभागी होणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

कागद देतं कोण, हे कागदाइतकंच महत्त्वाचं. ज्या प्राध्यापकांच्या हातात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत त्यांनी विचारलं तर "नाही" कोण म्हणेल? म्हणून संमती विद्यार्थ्यांनीच मागायची आणि त्या वेळी प्राध्यापकांनी खोलीबाहेर थांबायचं. गुडघा दुखणाऱ्या किंवा दमा असलेल्या मुलीला सगळ्यांसमोर कारण सांगावं लागू नये. त्यासाठी कोरा कागद घडी घालून परत देण्याची मुभा ठेवायची, म्हणजे कोण बाहेर राहिलं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. एकाच आवारात कनिष्ठ महाविद्यालय असलं की अकरावी-बारावीची मुलंही हौसेने पुढे येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. वर्गपाठापुरतं त्यांना न घेणंच बरं.

इथे एक मोह हमखास होतो. भावनांवर काम करतोच आहोत, तर इंटरनेटवर सहज मिळणारी नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, पीएचक्यू-९, तीही भरून घेऊ, असं कुणीतरी सुचवतं. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. बिननावाच्या वीस कागदांपैकी एकावर त्या प्रश्नासमोर "जवळजवळ रोज" अशी खूण सापडली, तर विद्यार्थी काय करणार? ते मूल कोणतं हे शोधायची वाट त्यांनीच बंद केलेली असते. ज्या उत्तरावर आपल्याला पाऊल उचलता येणार नाही, तो प्रश्न विचारायचाच नाही. दुःखद चित्रफिती आणि "आयुष्यातला वाईट प्रसंग आठवा" अशा सूचनाही याच कारणाने बाद. तरी संमतिपत्राच्या तळाशी महाविद्यालयाच्या समुपदेशकाची वेळ आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक असू द्यावा, कारण साधा प्रश्नही कुणाच्या दुखऱ्या जागी लागू शकतो.

तिसरा तास प्रत्यक्ष कामाचा. एकसारख्या घडीच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि प्रत्येकाने स्वतः उचलायची. "आम्ही दोघी एकत्र चालू का?" हा प्रश्न येतोच, आणि तिथे नमतं घेतलं की वाटणी मैत्रीवर होते. प्रत्येकाला एक पाकीट द्यायचं. आत आधीचा आणि नंतरचा असे दोन कागद, दोन्हींवर एकच क्रमांक, आणि कोणतं पाकीट कुणाला गेलं याची नोंद कुठेही नाही. पाकिटं जमा होऊन एकमेकांत मिसळली की त्यातलं एखादं मागे घेता येत नाही, हेही संमतिपत्रात लिहायला हवं. गूगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल पत्ते गोळा करण्याची सोय बंद आहे ना, हे आधी स्वतः भरून पाहावं. शेवटच्या कागदावर एक प्रश्न जास्तीचा घालायचा: "आम्ही काय तपासत होतो असं तुम्हाला वाटतं?" चालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नेमका अंदाज लिहिला असेल, तर वाढलेल्या गुणांवर फार भिस्त ठेवता येत नाही.

चौथ्या तासाला आकडेमोड. समजा, रंगीत तालमीत सहा जण होते. चालणारे १५ वरून १९, २० वरून २३ आणि १२ वरून १७ वर गेले, म्हणजे वाढ ४, ३ आणि ५, सरासरी ४. बसणारे १६ वरून १७, १९ वरून १९ आणि १४ वरून १६, म्हणजे वाढ १, ० आणि २, सरासरी १. दोन्ही गटांत सर्वांत खालून सुरुवात करणाऱ्याची वाढ सर्वांत मोठी आहे. ज्याचं मन त्या क्षणी फार खाली आहे ते थोड्या वेळाने आपोआपच काहीसं वर येतं, आणि बसणारा गट हवाच असतो तो त्यासाठी.

तीन गुणांचा फरक मुलांना भरघोस वाटतो. आता ही सहा वाढींची संख्या सहा चिठ्ठ्यांवर लिहायची, पिसायची आणि तीन-तीनचे दोन ढीग करायचे. असे ढीग एकूण वीस प्रकारे पडू शकतात, आणि ५, ४, ३ या तिन्ही चिठ्ठ्या चालणाऱ्यांच्याच ढिगात येणं हा त्यातला एक प्रकार आहे. म्हणजे चालण्याचा काडीचाही परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने वीसांत एकदा हाच निकाल आला असता. सहा जणांत याहून ठाम पुरावा मिळूच शकत नाही. चोवीस जण असतील तर बारा-बाराचे ढीग २७,०४,१५६ प्रकारे पडतात. ते सगळे मांडायची गरज नाही. वर्गाने मिळून शंभरदा चिठ्ठ्या पिसाव्यात आणि प्रत्यक्षातल्या इतका किंवा त्याहून मोठा फरक किती वेळा येतो ते फळ्यावर मांडावं. शंभरात तीस वेळा आला, तर प्रयोगातून काही सिद्ध झालं नाही असं अहवालात सरळ लिहायचं आणि त्यासाठी कुणाचे गुण कापायचे नाहीत.

तास संपण्याआधी सहभागी मुलांना बोलावून राखलेली गोष्ट सांगायची: आमचा अंदाज असा होता, निघालं असं, बसणाऱ्या गटाची गरज अशी होती. त्यांनी विचारलेले प्रश्न अहवालात घ्यावेत, कारण "व्हरांड्यात सगळे बघत होते, संकोच वाटला" यासारखी माहिती गुणांच्या बेरजेत उतरत नाही. आणि हाच प्रयोग पुढे "आविष्कार" संशोधन स्पर्धेत मांडायचा किंवा छापायचा विचार असेल, तर महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडे अर्ज पहिला कागद भरून घेण्याआधी गेला पाहिजे. जोखीम अगदी कमी असलेल्या अभ्यासांना समिती पूर्ण बैठकीऐवजी जलद आढाव्याने मंजुरी देऊ शकते किंवा आढाव्यातून सूटही देऊ शकते. पण तो निर्णय समितीचा असतो, प्रयोग करणाऱ्यांचा नव्हे, आणि माहिती गोळा करून झाल्यावर मागितलेली मंजुरी तिला देता येत नाही.