वाळूतला गाळ आणि क्रश सँडमधली भुकटी

नदीच्या वाळूबरोबर आलेला चिकणमातीचा गाळ कणांभोवती पातळ थर करून बसतो. मग सिमेंट दगडाला न चिकटता त्या थराला चिकटते. गाळ पाणीही जास्त पितो, त्यामुळे काँक्रीट वाळताना आकसते आणि गिलाव्याला तडे जातात.

बांधकामावर हा गाळ मोजायला २५० मिलिलीटरचे मोजपात्र पुरते. मीठ घातलेले पाणी, साधारण एक टक्का मिठाचे, ५० च्या खुणेपर्यंत घ्यावे. वाळू १०० च्या खुणेपर्यंत टाकावी, मग आणखी पाणी घालून पातळी १५० वर न्यावी आणि तोंड बंद करून पात्र जोरात हलवावे. मिठामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना धरून लवकर खाली बसतात. तीन तासांनी वाळूवर गाळाचा वेगळा थर दिसतो. समजा, वाळू ९२ मिलिलीटरवर थांबली आणि गाळ ९८ पर्यंत आला. मग ६ भागिले ९२, म्हणजे सुमारे साडेसहा टक्के. नेहमीची मर्यादा आठ टक्क्यांची आहे. नमुना मात्र ढिगाच्या चार-पाच जागांहून, आतून घ्यावा. पावसाने वरची वाळू धुतली जाते आणि वरवरचा नमुना फसवतो.

हीच चाचणी क्रश सँडवर केली तर थर बराच जाड दिसतो, आणि इथेच घाईने माल परत पाठवला जातो. हा थर बहुतेक वेळा दगडाच्या भुकटीचा असतो. भारतीय मानक ३८३ नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनहून बारीक भाग वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच चालवते, क्रश सँडमध्ये मात्र १५ टक्क्यांपर्यंत. पात्रातला थर आकारमानाने मोजलेला असल्याने त्याची या आकड्यांशी थेट तुलना होत नाही. शंका आली तर प्रयोगशाळेत ओली चाळणी करावी. भुकटीत खाणीवरची माती मिसळली आहे का, हे मिथिलीन ब्लू चाचणी सांगते. हातावरचा अंदाजही उपयोगी पडतो: ओली भुकटी बोटांत कचकचते, माती बुळबुळीत लागते.

महाराष्ट्रात क्रश सँड बहुधा काळ्या पाषाणाची असते. तिचे कण कोनदार, म्हणून तेवढ्याच पाण्यात माल जड जातो. काही भुकटी पोकळ्या भरून माल सांधून धरते. ती पूर्ण धुऊन टाकली तर माल खरखरीत होतो आणि वर पाणी सुटते.

सगळ्यात मोठा फरक पाण्याच्या हिशेबात पडतो. एका घनमीटर काँक्रीटला ७५० किलो वाळू धरू. नदीच्या ओल्या वाळूत ४ टक्के पाणी आहे आणि ती स्वतः १ टक्का शोषते, तर उरलेले सुमारे २२ लिटर मिश्रणाला मिळते. कोरड्या क्रश सँडमध्ये अर्धा टक्का पाणी आणि शोषण ३ टक्के असेल, तर ती उलट सुमारे १९ लिटर ओढून घेते. जुनाच आकडा ठेवला तर माल घट्ट होतो, आणि मिस्त्री अंदाजाने पाणी ओततो. शोषणाचे पाणी हिशेबाने वाढवणे योग्यच आहे. त्यानंतरही माल जड वाटला तर पाण्याऐवजी प्लास्टिसायझर वापरावे, आणि खाण बदलली की मिश्रणाची चाचणी पुन्हा घ्यावी.