श्रीखंडाचा डबा दहा रुपयांनी महाग करायचा का?

समजा, एका डेअरीने गुढीपाडव्याच्या आधी श्रीखंडाचा भाव वाढवला आणि त्याच आठवड्यात खप तिप्पट झाला. नुसते आकडे पाहिले तर भाव वाढवला की खप वाढतो, असे दिसेल. पाडवा आपल्याला ठाऊक असल्यामुळे इथे कोणी फसत नाही. पण हाच घोटाळा विक्रीच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या हिशेबात लपलेला असतो, आणि पुढचा भाव ठरवायच्या आधी तो सोडवावा लागतो.

आपल्याला काढायची आहे ती मागणीची लवचिकता. भाव एक टक्का वाढला तर खप किती टक्के घटतो, एवढाच तिचा अर्थ. आकडेमोड सोपी आहे, अवघड असते ती तुलना. म्हणून जुन्या बिलांमधली प्रत्येक भाववाढ पाहताना आधी विचारावे: त्या दिवशी भाव का वाढवला होता? गिऱ्हाइकी वाढणार म्हणून वाढवला असेल, तर ती नोंद उपयोगाची नाही. दूध महागले, चक्का महाग पडू लागला म्हणून वाढवला असेल, तर मात्र ती नोंद मोलाची आहे, कारण त्या कारणाचा गिऱ्हाइकाच्या आवडीशी संबंध नव्हता. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फिलिप राइट यांनी 1928 साली लोणी आणि जवसाच्या बाजाराचा अभ्यास करताना हीच वाट धरली. मागणीला हात न लावता फक्त पुरवठा हलवणारे कारण त्यांनी शोधले.

आता आपली डेअरी घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत. गेल्या वर्षी पावसाळ्यात अर्ध्या किलोचा डबा 120 रुपयांना होता आणि आठवड्याला सरासरी 400 डबे जात. यंदा दूध महागल्यामुळे भाव 130 झाला आणि त्याच दिवसांत सरासरी 352 डबे गेले. दुकानातली एकूण बिले दोन्ही वर्षी जवळपास तेवढीच होती, म्हणजे गिऱ्हाइकांची वर्दळ घटलेली नाही. दोन्हीकडचे दहा-दहा साधे आठवडे घेतले आणि सणांचे वगळले. हे वगळताना तारीख नव्हे, तिथी पाहावी. राखीपौर्णिमा एका वर्षी ज्या आठवड्यात असते, त्या आठवड्यात पुढच्या वर्षी नसते.

भाव 8 टक्के वाढला आणि खप 12.8 टक्के घटला (दोन्ही टक्के मधल्या आकड्यावर, म्हणजे 125 रुपये आणि 376 डब्यांवर काढले). लवचिकता आली उणे 1.6.

इथे एक खाचखळगा आहे. वही विक्री दाखवते, मागणी नाही. गेल्या वर्षी रविवारी दुपारी एकलाच माल संपत असेल, तर 400 हा आकडा गिऱ्हाइकांचा नसून फ्रीजमधल्या मालाचा आहे. खरी मागणी जास्त होती आणि खरी घटही जास्त आहे. दिवसाचे शेवटचे बिल कितीला फाटले ते पाहिले की हे लगेच उघड होते. तसेच दूध सगळ्यांनाच महाग झाले असेल, तर समोरच्या दुकानानेही भाव वाढवला असणार. आपण एकट्यानेच वाढवला, तर गिऱ्हाईक याहून जास्त तुटेल.

शिवाय 1.6 हा आकडा दगडावरची रेघ नाही. आठवड्याचा खप एरवीही चाळीसेक डब्यांनी वर-खाली होत असेल, तर दहा-दहा आठवड्यांच्या सरासरीतली 48 डब्यांची घट प्रत्यक्षात 12 ते 84 यांत कुठेही असू शकते. म्हणजे लवचिकता 0.4 असेल किंवा 2.9 सुद्धा. एवढा मोठा पल्ला पाहून हिशेब सोडून द्यावासा वाटतो, पण निर्णयापुरता तो पुरतो.

डब्यामागे चक्का, साखर, वेलची, पॅकिंग धरून 84 रुपये खर्च येतो असे धरू. 130 रुपयांना डब्यामागे 46 रुपये सुटतात, आठवड्याला 16,192. भाव 140 केला तर डब्यामागे 56 सुटतील आणि तेवढीच कमाई 290 डब्यांतही होईल. लवचिकता 1.6 असेल तर खप 313 च्या आसपास राहील आणि फायदा हजारभर रुपयांनी वाढेल. ती 2.9 असेल तर खप 284 वर येईल आणि तोटा होईल तो आठवड्याला तीनशेच्या आत. गल्ल्यातली रक्कम दोन्ही वेळा घटेल, पण पाहायची असते ती उरणारी रक्कम.

याच 1.6 वरून पाठ्यपुस्तकी सूत्र सर्वांत फायद्याचा भाव 224 रुपये सांगते. त्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या नोंदी 120 आणि 130 या दोनच भावांच्या आहेत. 224 रुपयांना गिऱ्हाईक काय करेल, याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

या डेअरीने 140 चा भाव लावून पाहावा, पण पाडवा-दसरा सोडून, साध्या आठवड्यांत आणि माल कमी पडू न देता. आठ-दहा आठवड्यांची सरासरी 290 च्या खाली गेली, तर भाव पुन्हा 130 वर आणावा.