जूनचं वीजबिल जुलैत येतं, मग जून बंद कसा करायचा?

आज मंथ-एंडमधली एकच एंट्री बघू: अ‍ॅक्रुअल. जूनची वीज जूनमध्येच वापरली, पण बिल येणार 8 जुलैला. म्हणून मी 30 जूनला अंदाजे 48,000 रुपये वीजखर्चाला नावे टाकतो, तेवढेच तरतूद खात्याला जमा करतो आणि रिव्हर्सलची तारीख 1 जुलै देतो. मग जूनचा पिरियड लॉक!

1 जुलैला ईआरपीत ही एंट्री उलटी पडते. 8 तारखेला खरं बिल येतं, 50,000 चं. त्यातले जुलैवर फक्त 2,000 राहतात.

रिव्हर्सल राहिलं तर? जूनचे 48,000 जुलैत दुसऱ्यांदा खर्ची पडतात. ओळखायचं कसं? बिल नोंदवल्यावरही तरतूद खात्यात ते 48,000 तसेच पडून दिसतात.