चप्पल जमिनीवर टेकली पाहिजे

ॲमेझॉनवर विकायला ठेवलेल्या वस्तूच्या मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी निखळ पांढरी असावी लागते. निखळ म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे मूल्य २५५. डोळ्यांना २४८ देखील पांढराच वाटतो, पण संकेतस्थळाचे पान २५५ चे असते आणि त्यावर २४८ चा चौकोन आला की त्याची राखाडी कड लगेच दिसते. शिवाय वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा अशी अपेक्षा असते.

बहुतेक विक्रेते ही अट पार्श्वभूमी कापणाऱ्या ॲपवर सोपवतात. ॲप वस्तू कापते आणि तिच्यासोबत सावलीही कापून टाकते. उरते ती अधांतरी तरंगणारी चप्पल. मग कोणी खाली एक तयार सावली चिकटवतो. ती सगळीकडे सारखीच धूसर असते, म्हणून खोटी वाटते. खरी सावली तळव्याच्या कडेशी गडद आणि बारीक असते आणि तिथून दूर जाता जाता विरत जाते. वस्तूला वजन आहे, ती कशावर तरी ठेवलेली आहे, हे डोळ्यांना त्या गडद रेघेवरून कळते. नियमाचा आग्रह पार्श्वभूमीच्या पांढरेपणाचा आहे. वस्तूखालची मऊ सावली चौकटीच्या कडेपर्यंत न पोहोचता पूर्ण २५५ मध्ये विरली, तर तो आग्रह पाळला जातो. काही वस्तुप्रकारांच्या सूचना मात्र स्वतंत्र असतात. पादत्राणांसाठी एकाच पायातले, डावीकडे तोंड करून तिरके ठेवलेले हवे असते. त्यामुळे आपल्या वस्तुप्रकाराच्या सूचना आधी वाचाव्यात.

आपण कानवाली कोल्हापुरी चप्पल घेऊ. चौकट २००० पिक्सेलची चौरस. चप्पल १७०० पिक्सेल रुंद भरली, तर डावी-उजवीकडे प्रत्येकी १५० पिक्सेल उरतात. तिरकी ठेवलेली चप्पल कॅमेऱ्यातून साधारण २० सेंटिमीटर रुंद दिसत असेल, तर १५० पिक्सेल म्हणजे जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. प्रकाश डावीकडून आला की सावली उजवीकडे पडणार आणि एवढ्या जागेत विरण्याआधीच चौकटीवर आदळणार. वर-खाली मात्र भरपूर मोकळी जागा असते, कारण चप्पल रुंद आणि ठेंगणी आहे. म्हणून प्रकाश चपलेच्या मागून, थोडा वरून यावा आणि सावली कॅमेऱ्याच्या दिशेने पडावी. ८५ टक्क्यांची अट पाळून सावली राखायची, तर प्रकाशाची दिशा आधी ठरवावी लागते. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण छायाचित्र काढून झाल्यावर ती बदलता येत नाही.

घरात यासाठी ऊन थेट न येणारी खिडकी पुरते. तिच्यावर पांढरा सुती पडदा किंवा बटर पेपर लावावा. खिडकीला लागून टेबल, टेबलावर मॅट पांढरा कार्डशीट सपाट पसरलेला. स्टुडिओत कागद मागे वळवून उभा करतात, तसा इथे करू नये, नाहीतर तो खिडकीच झाकेल. कॅमेरा उंचावर ठेवून खाली वळवला की चौकटीत फक्त कागद येतो. चपलेच्या पुढच्या बाजूला, चौकटीबाहेर, थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करावा, म्हणजे पुढचा पट्टा काळवंडत नाही.

सावली किती मऊ होईल, हे प्रकाशस्रोताचा आकार आणि त्याचे अंतर यांवर ठरते. ९० सेंटिमीटर रुंद खिडकी ९० सेंटिमीटरवर असेल, तर सावलीची विरणारी पट्टी वस्तूच्या कडेच्या उंचीएवढी साधारण रुंद होते: दोन सेंटिमीटर जाडीच्या तळव्याला दोन सेंटिमीटर. चप्पल खिडकीपासून दुप्पट दूर नेली की ही पट्टी निम्मी होते आणि सावली कडक दिसते.

आता एक्स्पोजर. कागद कॅमेऱ्यातच २५५ करण्याचा मोह टाळावा. तसे केले तर सावलीचा फिकट भाग उजेडात वाहून जातो, वर प्रकाश वस्तूच्या कडांवर चढतो आणि वेणीचे बारीक दोर झिजल्यासारखे दिसतात. कागद साधारण २१५ ते २४० च्या दरम्यान राहावा. म्हणजे छायाचित्रात तो राखाडीच दिसणार, आणि ते योग्यच आहे.

हा राखाडी कागद पांढरा करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे Levels मध्ये पांढऱ्याची सरकपट्टी ओढणे. अडचण अशी, की कागद सगळीकडे सारखा उजळ नसतो. खिडकीजवळ तो २३८ असतो, कॅमेऱ्याकडे २१४. हा २१४ पांढरा करायला पट्टी तिथपर्यंत आणली, की चित्रातले २१४ च्या वरचे सगळेच पांढरे होते. खिडकीकडच्या भागात सावली २२० असेल, तर तीही त्यात जाते. उरते फक्त तळव्याशी चिकटलेली काळी रेघ.

यावर उपाय आहे दुसरे छायाचित्र. कॅमेरा तिपाईवर, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधलेले. चपलेचे छायाचित्र घ्यावे, कागद न हलवता ती अलगद उचलावी आणि लगेच रिकाम्या कागदाचे छायाचित्र घ्यावे. मध्ये ढग आला तर दोन्ही पुन्हा घ्यावीत. मग फोटोशॉप किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये चपलेच्या थरावर रिकाम्या कागदाचा थर ठेवून त्याचा मोड Divide करावा. आता प्रत्येक पिक्सेल त्याच जागच्या रिकाम्या कागदाने भागला जातो. २३८ ला २३८ ने भागले की उत्तर एक, म्हणजे २५५. २१४ ला २१४ ने भागले तरी तेच. फोटोशॉपच्या नेहमीच्या आठ बिटांच्या चित्रात २३२ च्या कागदावर १७४ ची सावली असेल, तर भागाकार पाऊण येतो आणि सावली १९१ वर स्थिरावते. उजेडाचा असमानपणा आणि कागदावरची निळसर-पिवळसर झाक दोन्ही निघून जातात, आणि सावली होती तशीच उरते.

भागाकाराने चप्पलही थोडी उजळते. तपकिरी कातड्याला ते सहसा मानवते. पण तेल लावलेल्या पट्ट्यावरची चमक फुटली, तर मूळ थराची प्रत वर घेऊन मास्कने तेवढा भाग परत आणावा. मास्कची कड तळव्याच्या आतच ठेवावी, सावलीवर येऊ देऊ नये. कॅमेऱ्याच्या दाणेदारपणामुळे रिकाम्या जागी २५२, २५३ असे ठिपके उरतात. शेवटी Levels मध्ये पांढरा बिंदू २५० वर आणला की ते मिटतात, आणि आता सगळा कागद समान असल्याने सावलीला फारसा धक्का लागत नाही.

तपासणी डोळ्यांवर सोडू नये. फोटोशॉपमध्ये वर Threshold चा थर घेऊन आकडा २५५ करावा. २५५ पेक्षा थोडेही कमी असलेले सगळे काळे होते. चप्पल आणि सावली मिळून पांढऱ्या समुद्रातले एकच काळे बेट दिसले पाहिजे, आणि त्या बेटाची कोणतीही बाजू चौकटीला टेकता कामा नये. टेकली, तर तेवढ्या कडेला मोठ्या, मऊ पांढऱ्या ब्रशने हलका हात फिरवावा. लहान ब्रश सावलीभोवती कड सोडतो. ती नुसत्या नजरेला दिसत नाही. Levels मध्ये काळा बिंदू तात्पुरता २३५ वर नेला की ठळक उठते.

मग दोन्ही तपासणीचे थर काढून चित्र एकत्र करावे आणि sRGB मध्ये, उच्च दर्जाच्या JPEG स्वरूपात जतन करावे. पारदर्शक PNG देऊ नये. अर्धपारदर्शक सावलीखाली संकेतस्थळ कोणता रंग भरेल याची खात्री नसते. एकाच बैठकीत दहा जोड टिपायचे असतील, तर दर जोडामागे रिकामा कागद पुन्हा टिपावा, कारण खिडकीतला उजेड तासाभरात बदलतो.